रिकाम्या सेलने केलेला घोटाळा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ४२ फ्लॅट आहेत. खजिनदारपद माझ्याकडे आलं, त्या पहिल्याच तिमाहीला मी सगळ्यांना मेंटेनन्सच्या हिशेबाची मेल पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ३०२ मधल्या काकू पासबुक घेऊन दारात उभ्या. बंगळुरूच्या मुलाने त्यांना फोनवर मेल वाचून दाखवली होती.

"अडीच हजार व्याज? आणि मागची साडेसात हजार बाकी? अरे, मी आजवर एक पैसा थकवलेला नाही."

त्यांचं खरं होतं. एक्सेलमधला माझा हिशेबही बरोबर होता. चूक झाली ती तिथून मेलपर्यंतच्या प्रवासात, आणि ती कशी झाली हे समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

माझ्या तक्त्यात सहा कॉलम होते: फ्लॅट, मागील बाकी, चालू तिमाही, व्याज, जमा, शिल्लक. काकूंच्या ओळीत मागील बाकी नव्हती, व्याजही नव्हतं, म्हणून ते दोन सेल मी रिकामे सोडले होते. चालू तिमाहीचे ७,५००, त्यातले ५,००० जमा, शिल्लक २,५००. नेहमीसारखं पेस्ट केल्यावर शीटमधले भडक रंगही मेलमध्ये येत होते. ते नकोत म्हणून मी Ctrl+Shift+V दाबून पेस्ट केलं. रंग गेले, माझ्या स्क्रीनवर आकडे बऱ्यापैकी एकाखाली एक दिसले आणि मी मेल पाठवून दिली.

या पेस्टमध्ये तक्ता येतच नाही. येतो तो नुसता मजकूर, आणि दोन सेलच्या मध्ये टॅब. टॅबने किती जागा सोडायची हे प्रत्येक मेल ॲप आपापलं ठरवतं. काही ठिकाणी तर ओळीने आलेले दोन-तीन टॅब मिळून एकच स्पेस उरते. मग रिकाम्या सेलची जागाच नाहीशी होते आणि पुढचे आकडे डावीकडे सरकतात. काकूंच्या मुलाला दिसलेली ओळ अशी होती:

```
302 7,500 5,000 2,500
```

वरच्या शीर्षकांशी जुळवून वाचा. ७,५०० मागील बाकी झाली, ५,००० चालू तिमाही आणि २,५०० व्याज. ज्यांच्या ओळीत सगळे सेल भरलेले होते, त्यांना मेल नीट कळली. म्हणून तक्रारी आल्या त्या नेमक्या ज्यांची मागची काहीच थकबाकी नव्हती त्यांच्याकडून. अशी तक्रार आली तर आधी हेच बघा: सरकलेल्या ओळीत किती सेल रिकामे होते?

१०४ च्या बाबतीत वेगळंच झालं. त्यांनी १,२०० रुपये आगाऊ भरले होते. माझ्या शीटमध्ये उणे आकडा लाल दिसायचा, पण उणे चिन्ह नव्हतं, कारण सेलचा फॉरमॅट `#,##0;[Red]#,##0` असा होता. रंग गेल्याबरोबर त्यांची आगाऊ रक्कम थकबाकी होऊन बसली. आता मी फॉरमॅट `#,##0;-#,##0` ठेवतो आणि शेजारी शब्दांत 'बाकी' किंवा 'आगाऊ' लिहितो. मेलमध्ये अर्थ कधीही रंगावर सोपवू नये. डार्क मोडमध्ये काही ॲप रंग स्वतःच बदलतात, आणि पिवळ्या पट्टीवरची अक्षरं पांढुरकी होऊन वाचता येत नाहीत. शीर्षकाला ठळक अक्षर पुरतं.

पुढच्या वेळी घाबरून मी तक्त्याचा फोटोच चिकटवला. आकडे सरकले नाहीत, पण रुंद चित्र फोनच्या पडद्यावर आक्रसून अक्षरं मुंगीएवढी झाली. आमच्याकडचे एक सभासद फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर ती मेल कोरीच होती. तो मार्ग मी सोडला.

आता मी मेलसाठी वेगळी शीट करतो. त्यात पाचच कॉलम: फ्लॅट, देय, जमा, शिल्लक, शेरा. एक्सेलचा नेहमीचा कॉलम ६४ पिक्सेल रुंद असतो, म्हणजे पाच मिळून ३२०. उभा धरलेला फोन साधारण ३६० ते ४०० पिक्सेलचा, त्यात हा तक्ता बसतो. सहावा-सातवा कॉलम आला की काही ॲप सगळं बारीक करतात, काहींत उजवी कडा पडद्याबाहेर जाते, आणि शिल्लक तर बहुधा उजवीकडेच असते. सविस्तर हिशेबाची पीडीएफ जोडतो.

मग रिकामे सेल. पूर्ण तक्ता निवडायचा, Ctrl+G दाबायचं, Special मध्ये जाऊन Blanks निवडायचं. सगळे रिकामे सेल एकदम निवडले जातात. 0 टाइप करून Ctrl+Enter दाबलं की प्रत्येकात शून्य भरतं. (शेऱ्याच्या कॉलमात शून्य विचित्र दिसतं, तिथे मी 'पूर्ण भरले' लिहितो.) हे करण्याआधी वरची जोडलेली शीर्षकं सुटी करून घ्या. 'एप्रिल ते जून' असा मथळा तक्त्यात नको, मेलच्या पहिल्या वाक्यात लिहा.

कॉपी करण्यापूर्वी तक्त्यावरून एकदा नजर फिरवायची, कारण सेलमध्ये जे दिसतं तेच मेलमध्ये जातं. कॉलम अरुंद असेल आणि आकड्याऐवजी #### दिसत असेल, तर मेलमध्येही #### च जाईल. शीटमधल्या फिकट रेघा मात्र मेलमध्ये जात नाहीत, त्या खऱ्या बॉर्डर नसतात. म्हणून All Borders लावून घ्यायचं. त्यानंतर साधं Ctrl+V. जीमेलमध्ये लिहीत असाल तर तीन ठिपक्यांच्या मेनूतलं Plain text mode बंद आहे ना, ते पाहा. ते चालू असलं तर एवढी सगळी मेहनत पुन्हा टॅबवर येऊन थांबते.

लांब तक्त्याची एक अडचण राहते. एक्सेलमधून आलेला प्रत्येक सेल आपली सजावट सोबत घेऊन येतो, त्यामुळे मेल आतून बरीच जड होते. जीमेल साधारण १०२ केबीनंतरचा भाग कापून ठेवतं आणि खाली View entire message एवढंच दाखवतं. ४२ ओळींचा तक्ता त्या मर्यादेला सहज भिडू शकतो. म्हणून आमच्या दोन विंगना मी दोन वेगळ्या मेल पाठवतो, आणि एकूण जमा तक्त्याच्या तळाशी न लिहिता वर लिहितो.

सगळ्यांना पाठवण्याआधी मेल माझ्या दोन पत्त्यांवर जाते. एक संगणकावरच्या आउटलुकमध्ये उघडतो, दुसरा फोनवर, डार्क मोड लावून. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलं आहे, त्यामुळे ब्राउझरमध्ये नीट दिसलेला तक्ता तिथे वेगळा दिसू शकतो. तपासताना मी रिकाम्या सेलमध्ये शून्य भरलेल्या दोन-तीन ओळी शोधतो आणि त्यांची शिल्लक शिल्लकच्याच खाली आहे का, ते बोट ठेवून बघतो.

या तिमाहीला तिसरी चाचणी मेल मी काकूंच्या मुलाला पाठवली. तासाभरात त्याचं उत्तर आलं: "३०२, देय १०,०००, जमा १०,०००, शिल्लक ०. बरोबर ना, काका? आईला सांगतो."