‘अजून एकदा, तेच पान!’

तीन वर्षांचं मूल रात्री एकच पान दहादा वाचायला लावतं, तेव्हा आईबाबांना वाटतं, हा झोप टाळायचा बहाणा आहे. काही वेळा तो असतोही, पण पुन्हा पुन्हा ऐकण्याची ओढ खरी असते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या २०११च्या अभ्यासात, तीन वर्षांच्या ज्या मुलांना त्याच गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या, ती नवे शब्द जास्त चांगले शिकली. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांच्या कानावर ते शब्द तितक्याच वेळा पडले होते, तरीही. म्हणून ते पान टाळू नका, फक्त त्याची वेळ ठरवा.

समजा, तुमची मुलगी दुपारी तीन ते साडेपाच झोपते. नऊला तुम्ही पुस्तक उघडता आणि ती बेडकाच्या पानावर अडून बसते. झोपते साडेदहाला, उठते सातला. म्हणजे दिवसभरात अकरा तास झोप झाली. या वयाला दहा ते तेरा तास लागतात, त्यामुळे तिची झोप कमी पडत नाही. नऊला तिला झोपच आलेली नसते आणि तो रिकामा दीड तास बेडूक भरून काढतो.

आधी दुपारची झोप दीड ते पावणेतीनवर आणा. पुस्तकं सुरुवातीला दहाच्या सुमारास घ्या, म्हणजे ती मिटेपर्यंत तिचे डोळे जड होतील. ती लवकर झोपू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरका. सकाळी मात्र सातलाच उठवा, सुट्टीच्या दिवशीही.

बेडकाला भरपूर वेळ द्या, पण संध्याकाळी. तेव्हा ‘बेडूक कुठे लपला?’ विचारा, डराव डराव करा, हव्या तितक्या वेळा पान उलटा. रात्री दोनच पुस्तकं, ती तिनंच निवडायची. दंगामस्तीचं आधी, शांत चित्रांचं शेवटी. आवडतं पान तीनदा. दर वेळी तिचं एक बोट मिटा, आवाज हळू करत न्या, प्रश्न विचारू नका; उत्तरं शोधताना मूल पुन्हा ताजंतवानं होतं. तिसऱ्यांदा वाचून झालं की पुस्तक तिलाच मिटू द्या आणि दिवा घालवा. गोष्ट मोबाइलवर दाखवू नका.

‘अजून एकदा’ येणारच. ‘बेडूक आता उद्या संध्याकाळी’, एवढंच म्हणा, रोज याच शब्दांत. पहिल्या काही रात्री रडणं वाढेल. चार दिवस नाही म्हणून पाचव्या रात्री चौथ्यांदा वाचलंत, तर खूप रडलं की मिळतं हे ती शिकते. आजी-आजोबांनाही हा तीनचा आकडा सांगून ठेवा, कारण तो बहुधा त्यांच्याकडेच मोडतो.

मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, किंवा रात्री शी-च्या जागी खाज सुटून चुळबुळत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड्स वाढले असतील किंवा जंत झाले असतील, तर वेळापत्रकानं काही होत नाही.