‘साडी मिळालीच नाही’ : चार्जबॅक आला की काय करायचं

अमेरिकेत घरबसल्या साड्या, दागिने, पूजेचं सामान विकणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणी आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न दुकानाचं नाव काय ठेवू हा असतो. चार्जबॅकबद्दल कोणी विचारत नाही आणि मग एक दिवस ईमेल येतो. आमच्यापैकी तिघी-चौघींना तो आलेला आहे. त्यातली न्यू जर्सीच्या एका ताईंची गोष्ट इथे सविस्तर देतो, कारण बहुतेक चुका त्यांनी आधी केल्या आणि मग वेळेत सुधारल्या.

ताई बेसमेंटमधून खणाच्या साड्या विकतात. ९ ऑक्टोबरला टेक्ससमधल्या एका बाईंनी वेबसाइटवरून १६८ डॉलरची साडी घेतली आणि पोस्टाने ती १४ तारखेला पोचली. दिवाळी झाली. २० नोव्हेंबरला बाईंचा निरोप आला, साडी परत घ्या. परतीची मुदत १४ दिवसांची, म्हणून ताईंनी गोड शब्दांत नाही म्हटलं. ३ डिसेंबरला त्यांच्या खात्यातून १६८ डॉलर आणि वर १५ डॉलर फी वळती झाली. बाईंनी आपल्या बँकेला सांगितलं होतं, की साडी मिळालीच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानाकडे केलेली तक्रार आणि चार्जबॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जबॅकमध्ये गिऱ्हाईक तुमच्याशी बोलतच नाही. ते बँकेकडे जातं, बँक पैसे काढून घेते आणि मग तुम्हाला विचारते, काही म्हणायचंय का? उत्तर दिलं नाही, तर तुम्ही कबूल झालात असं धरलं जातं.

ताईंची पहिली प्रतिक्रिया आपल्या सगळ्यांची असते तीच: जाऊ दे, पैसे परत करून टाकते. नशिबाने त्यांनी आधी आम्हाला फोन केला. चार्जबॅक उघडा असताना वेगळा रिफंड कधीही देऊ नका. पैसे आधीच कापले गेलेले असतात, त्यामुळे तुम्ही दोनदा भराल आणि दुसऱ्यांदा दिलेले परत आणताना नाकी नऊ येतात. लढायचं नसेल, तर पेमेंट कंपनीच्या पानावर ‘मान्य आहे’ म्हणा आणि तिथेच थांबा. गिऱ्हाईक म्हणालं, “चुकून झालं, मी मागे घेते,” तरी ते त्यांनी स्वतः बँकेला कळवायला हवं, आणि त्यांनी कळवलं असं सांगितलं तरी तुमचं उत्तर मुदतीत गेलंच पाहिजे.

ताईंच्या पानावर शेवटची तारीख १७ डिसेंबर होती. कार्डांच्या नियमात यापेक्षा जास्त दिवस असतात असं कुठे वाचाल, पण ते दिवस तुमच्या बँकेसाठी असतात. तुमच्यापर्यंत येताना त्यातले काही कापले जातात. पानावर दिसते तीच तारीख खरी. शिवाय बहुतेक ठिकाणी उत्तर एकदाच पाठवता येतं; बटण दाबल्यावर ‘अहो, एक कागद राहिला’ असं म्हणायची सोय नाही. म्हणून अर्धवट कागद घाईने पाठवू नका आणि शेवटच्या रात्रीपर्यंतही थांबू नका.

आता मुख्य काम. ईमेलमध्ये तक्रारीचं कारण आणि एक आकडा असतो. ताईंच्या केसमध्ये कार्ड व्हिसाचं होतं आणि आकडा होता 13.1, म्हणजे वस्तू मिळाली नाही. वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष आहे यासाठी 13.3, आणि हा व्यवहार मी केलाच नाही यासाठी 10.4. उत्तर त्या आकड्याला द्यायचं असतं. ताईंनी लिहिलेला पहिला मसुदा दोन पानांचा होता: परतीचे नियम, बाईंचा लबाडपणा, मंडळात कोण कोण ओळखीचं आहे. सगळं खरं असेल, पण बँकेत तो कागद बघणाऱ्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, की पार्सल पोचलं का. तो मसुदा आम्ही बाजूला ठेवायला लावला.

पोचल्याचा पुरावा वाटतो तेवढा सोपा नाही. पोस्टाच्या ट्रॅकिंगवर दिसतं शहर, राज्य आणि झिप कोड. घर नंबर दिसत नाही. नुसतं ते पान जोडलं तर पार्सल त्याच गावात कुठेतरी पोचलं एवढंच कळतं. म्हणून ताईंनी शिपिंग लेबलची प्रत जोडली, ज्यावर पूर्ण पत्ता आणि तोच ट्रॅकिंग नंबर होता. त्याच्याबरोबर ऑर्डरचं पान, ज्यावर बाईंनी स्वतः टाकलेला तोच पत्ता होता आणि तो कार्डाच्या पत्त्याशी जुळल्याची नोंद होती. तीन कागद एकमेकांना धरून उभे राहिले.

चौथा कागद सगळ्यात भारी ठरला. १५ ऑक्टोबरला बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, “साडी मिळाली. रंग फोटोपेक्षा जरा गडद वाटतोय, पण काठ छान आहे.” ताईंना रंगाचं वाक्य कापायचं होतं. आम्ही म्हटलं, अजिबात नाही. तक्रार रंगाची नाहीच, आणि कातरलेला संदेश पाहिला की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. उलट त्यात दोन गोष्टी घालाव्या लागल्या. फोनमध्ये नंबर नावाने सेव्ह असल्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये नंबरच नव्हता. तो दाखवणारं संपर्काचं पान जोडलं, कारण ऑर्डरवर तोच नंबर होता. आणि मराठी ओळीखाली इंग्रजी भाषांतर टाइप केलं. हे आपल्या लोकांकडून हमखास राहतं. तिकडच्या माणसाला ‘मिळाली’ कळणार कसं?

लिंक देऊ नका, कोणी उघडत नाही. सगळं एका पीडीएफमध्ये, पाच-सहा पानांत बसवा. वर अर्ध्या पानाचं पत्र: ऑर्डर कधी, पाठवलं कधी, पोचलं कधी, बाईंनी मिळाल्याचं कधी लिहिलं, आणि प्रत्येक तारखेपुढे कुठलं पान बघायचं. रागाचा एकही शब्द नको. ताईंनी १४ डिसेंबरला पाठवलं.

कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाची केस मात्र हातची गेली. व्हिसाच्या नियमाने गिऱ्हाईक साधारणपणे १२० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं, आणि वस्तू मिळाली नाही म्हटलं की ते दिवस पोचण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजले जातात. पोस्टाच्या साइटवरचं बऱ्याच पार्सलांचं ट्रॅकिंग साधारण तेवढ्याच दिवसांत नाहीसं होतं. त्यांच्याकडे तक्रार आली तेव्हा पान कोरं होतं. तेव्हापासून ज्या दिवशी ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, त्याच दिवशी ते पान पीडीएफ करून ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाकतात.

10.4 वाल्या तक्रारी कधीकधी लबाडीच्या नसतातच. बायको साडी घेते, कार्ड नवऱ्याचं, आणि महिन्याच्या हिशोबात दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच एलएलसीचं नाव छापून येतं. नवरा म्हणतो, हे कोण बुवा? पेमेंट कंपनीच्या सेटिंगमध्ये हिशोबावर छापायचं नाव बदलता येतं. तिथे गिऱ्हाइकाला माहीत असलेलं दुकानाचं नावच टाका.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचे १६८ डॉलर परत आले. १५ डॉलरची फी गेली ती गेलीच.