घसारा कोणत्या पद्धतीने काढावा?

प्रश्न : गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. १० लाखांचे नवे लेथ मशीन घेतले. ‘स्थिर हप्ता’ पद्धतीने नफा जास्त दिसेल आणि बँक खूश होईल, असे भागीदार म्हणतात. ‘ऱ्हासमान शेष’ पद्धतीने कर वाचेल, असे मला वाटते. बरोबर कोण?
— एक वाचक, भोपाळ

उत्तर : दोघांचेही अर्धेच बरोबर आहे.

कंपनी कायदा, २०१३च्या परिशिष्ट २नुसार सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे, तर अवशिष्ट मूल्य सहसा किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत धरतात. म्हणजे तुमच्या मशीनचे साडेनऊ लाख रुपये १५ वर्षांत खर्ची पडणार. स्थिर हप्त्यात दर वर्षी सुमारे ६३,३०० रुपये घसारा पडेल. ऱ्हासमान शेषात दर सुमारे १८.१ टक्के येतो आणि तो दर वेळी उरलेल्या किमतीवर लावायचा असतो.

घसाऱ्यापूर्वीचा नफा दर वर्षी ३ लाख आहे असे धरू. स्थिर हप्त्यात तो कायम सुमारे २.३७ लाख दिसेल. ऱ्हासमान शेषात पहिल्या वर्षी १.८१ लाख घसारा जाऊन नफा १.१९ लाखच उरेल. मात्र सातव्या वर्षी घसारा ५५ हजारांच्या आत येतो आणि तिथून पुढे हीच पद्धत जास्त नफा दाखवते. पंधराव्या वर्षी तो सुमारे २.८९ लाख असेल. पंधरा वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच.

मशीन मध्येच विकले तरी हिशेब जुळतो. पाच वर्षांनी ५ लाखांना विकले, तर स्थिर हप्त्यात पुस्तकी किंमत ६.८३ लाख असल्याने १.८३ लाखांचा तोटा दिसेल. ऱ्हासमान शेषात ती ३.६८ लाख असल्याने १.३२ लाखांचा नफा. आधी कमी घसारा दाखवून वाढवलेला नफा असा एकदम वजा होतो.

आता कर. आयकरासाठी तुमच्या पुस्तकातला घसारा चालत नाही. सर्वसाधारण यंत्रांच्या गटावर ऱ्हासमान शेषाने १५ टक्के मिळतात. खरेदीच्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर त्याच्या निम्मे. म्हणून पुस्तकात पद्धत बदलून नेहमीचा आयकर वाचत नाही. बँकेचेही तसेच : घसाऱ्यात रोख पैसा जात नाही, त्यामुळे परतफेडीची क्षमता मोजताना ती घसारा नफ्यात परत मिळवते.

मग निवड कशावरून करावी? मशीन वर्षानुवर्षे सारखेच काम देणार असेल तर स्थिर हप्ता. सुरुवातीला जास्त काम, पुढे दुरुस्तीत वेळ जाणार असेल तर ऱ्हासमान शेष. हा अंदाज खरोखर बदलला तरच पद्धत बदला. सुधारित लेखा मानक १०नुसार असा बदल त्या वर्षापासून पुढेच लागू होतो आणि त्याचा परिणाम टिपणीत द्यावा लागतो. नफा कमी पडला म्हणून पद्धत बदलली, तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.