गळून पडलेली आकृती

माझे वडील माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. ते गेल्यानंतर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्यांतील एक वही अकरावीच्या मुलांसाठी मराठीत लिहिलेल्या टिपणांची आहे. मी साहित्याचा प्राध्यापक. पण आमच्या ओळखीतल्या एका दृष्टिहीन मुलाला ही टिपणे ऐकायची होती, म्हणून गेल्या वर्षी ती वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. एका पानावर येऊन अडलो. तिथे 'आकृती पाहा' एवढे शब्द होते आणि खाली डिंकाचा पिवळा चौकोन. आलेखाच्या कागदावर काढून चिकटवलेली आकृती केव्हाच गळून पडली होती. वर सूत्र मात्र शाबूत होते:

य = क्ष² ÷ (क्ष − १)

गणिताच्या सहकाऱ्यांनी संगणकावर आकृती क्षणात काढून दिली. ती मला उपयोगी, ऐकणाऱ्याला नाही. त्याला शब्दच हवे होते, आणि ते असे की ऐकून त्याने बुचाच्या फळीवर टाचण्या टोचाव्यात, त्यांना धागा गुंडाळावा आणि वक्र बोटांना कळावा.

माझे पहिले वर्णन असे होते: 'हा वक्र आरंभबिंदूतून जातो. त्याचा उच्चतम बिंदू (०, ०) आहे आणि नीचतम बिंदू (२, ४) आहे.' यातली बिंदूंची स्थाने बरोबर होती, तरी मुलाने लावलेला धागा पार चुकीचा होता. त्याने खालून येणारा धागा आरंभबिंदूतून अक्ष ओलांडून वर नेला आणि थेट (२, ४) ला जोडला. मग त्याने विचारले, "सर, उच्चतम बिंदू शून्यावर आणि नीचतम चारावर? मग खाली कोण आणि वर कोण?"

पहिला दोष क्रियापदाचा होता. 'जातो' म्हटले की पलीकडे जाणे आलेच. इथे वक्र अक्षाला खालून येऊन टेकतो आणि परत खाली वळतो. सूत्र हे सांगते. अंशात क्ष² आहे. वर्ग कधी ऋण नसतो. छेद क्ष − १. क्ष एकपेक्षा लहान असेल तर तो ऋण. म्हणजे एकच्या डावीकडचा सगळा वक्र अक्षाच्या खाली, फक्त क्ष शून्य असताना अक्षाला लागलेला. एकच्या उजवीकडे छेद धन, तिथला सगळा वक्र अक्षाच्या वर. अक्षांशी गाठ पडते ती केवळ आरंभबिंदूत, आणि तीही टेकण्याची. (मराठीत 'छेद' हा शब्द अपूर्णांकाच्या खालच्या भागालाही आणि रेषेने रेषेला कापण्यालाही वापरतात. वाचून दाखवताना हा घोटाळा होतोच, म्हणून मी कापण्यासाठी 'गाठ पडणे' घेतले.)

दुसरा दोष अधिक खोल होता. क्ष एक असताना छेद शून्य होतो आणि सूत्राला किंमतच उरत नाही. तिथे वक्र तुटतो. क्ष ०.९ घेतला तर य येतो −८.१; १.१ घेतला तर १२.१. एका बाजूला वक्र खोल कोसळतो, दुसऱ्या बाजूला उंचावरून उतरतो. क्ष = १ ही उभी रेषा म्हणजे पहिली अनंतस्पर्शी. ती आधी सांगितली असती तर मुलाने तिच्यावरून धागा ओढला नसता. चित्र पाहणाऱ्याला तुकडे दोन आहेत हे एका नजरेत दिसते. ऐकणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात सांगावे लागते.

आता उच्चतम आणि नीचतम. पाठ्यपुस्तकात त्यामागे 'स्थानीय' हे विशेषण असते, ते मी वाचनाच्या सोयीसाठी गाळले होते. हीच खरी चूक. (०, ०) हा डाव्या तुकड्याचा माथा आहे, (२, ४) हा उजव्या तुकड्याचा तळ. तुकडे वेगळे असल्यामुळे एकाचा तळ दुसऱ्याच्या माथ्यापेक्षा उंच असायला काहीच हरकत नाही. दरीतल्या टेकडीचा माथा पठारावरच्या विहिरीच्या तळापेक्षा खाली असतो, तसेच.

हे बिंदू सापडतात कसे? विकलज काढून शून्याशी मांडणे ही नेहमीची वाट. वडिलांनी त्याआधी दुसरी वाट दिली आहे, ती विकलन न शिकलेल्यालाही कळते. समजा वक्राची उंची 'क' आहे. मग क्ष² = क(क्ष − १), म्हणजेच क्ष² − क·क्ष + क = ०. या वर्गसमीकरणाला वास्तव उत्तर असायचे तर क² − ४क ऋण असता कामा नये. क आणि क − ४ यांचा हा गुणाकार; तो क शून्य आणि चार यांच्या दरम्यान असतानाच ऋण होतो. म्हणून ० ते ४ या पट्ट्यात वक्र कुठेच नाही. काठावर दोन्ही मुळे एकच होतात: क = ० ला क्ष = ०, क = ४ ला क्ष = २. तेच वळणबिंदू. हा रिकामा पट्टा ऐकणाऱ्याच्या फार कामाचा ठरला, कारण तिथे बोटाला धागा लागला की काहीतरी चुकले हे त्याचे त्यालाच कळते.

उरली दूरची टोके. भागाकार केला की सूत्र असे दिसते: य = क्ष + १ + १ ÷ (क्ष − १). क्ष मोठा होत गेला की शेवटचे पद क्षुल्लक होते आणि वक्र य = क्ष + १ या तिरप्या रेषेला चिकटत जातो. क्ष ११ असताना रेषा १२ वर, वक्र १२.१ वर, क्ष −९ असताना रेषा −८ वर, वक्र −८.१ वर. म्हणजे उजवीकडे वक्र रेषेच्या किंचित वर, डावीकडे किंचित खाली. 'अनंतस्पर्शी' या आपल्या शब्दात स्पर्श आहे, मूळ ग्रीक शब्दात मात्र एकत्र न पडण्याचा भाव आहे. पण शब्दावरून वक्र या रेषेला कधीच भेटत नाही असा नियम करू नये. य = क्ष ÷ (क्ष² + १) हा वक्र दोन्हीकडे आडव्या अक्षाला चिकटत जातो, तरी आरंभबिंदूत तोच अक्ष ओलांडतो. आपल्या वक्राचे तसे नाही, कारण १ ÷ (क्ष − १) कधीच शून्य होत नाही.

शेवटी ध्वनिमुद्रणात गेलेला मजकूर असा:

'या वक्राचे दोन तुकडे आहेत. क्ष = १ वर एक उभी काडी लाव; तिला वक्र शिवत नाही. (−१, ०) आणि (०, १) यांवरून जाणारी तिरपी काडी लाव. पहिला तुकडा दूर डावीकडून, तिरप्या काडीच्या अगदी खालून वर चढत येतो. तो हळूहळू काडीपासून सुटतो, (−१, −०.५) वरून आरंभबिंदूपाशी येऊन अक्षाला टेकतो, वळतो, (०.५, −०.५) वरून उभ्या काडीच्या डाव्या अंगाने खाली कोसळतो. दुसरा तुकडा त्याच काडीच्या उजव्या अंगाने वरून उतरतो, (१.५, ४.५) वरून (२, ४) या तळाशी येतो, वळतो, (३, ४.५) वरून चढत तिरप्या काडीला वरून चिकटत जातो.'

मुलाने दोन सुया काड्या म्हणून वापरल्या. त्या (१, २) या बिंदूत एकमेकींवर आल्या. धागा लावून झाल्यावर त्याने तिथे बोट ठेवले, फळी अर्धा फेरा फिरवली आणि पुन्हा चाचपली. "तसाच लागतोय," तो म्हणाला. ते बरोबर होते: (०, ०) आता (२, ४) च्या जागी आला होता आणि (−१, −०.५) हा (३, ४.५) च्या. माझ्या वर्णनात ही सममिती नव्हती. घरी येऊन वहीचे पुढचे पान उलटले, तर पहिलाच प्रश्न होता: 'हा वक्र कोणत्या बिंदूभोवती फिरवला असता स्वतःवर बसेल?'