भातवाणांची सरासरी काढताना घ्यावयाची दक्षता

भातवाणांच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापन पद्धतीत शेतातील पिकाच्या एकंदर पसंतीस १ म्हणजे उत्कृष्ट व ९ म्हणजे अस्वीकार्य अशी श्रेणी देतात. शिजविलेल्या भाताच्या चवीस मात्र ९ गुणांच्या मापात ९ हेच सर्वोत्तम असतात. समजा, एका वाणास शेतात १ व चवीस ९ मिळाले. दुसऱ्यास शेतात ९ व चवीस १. दोहोंची सरासरी ५ येऊन उत्तम व टाकाऊ वाण समान ठरतात. म्हणून सरासरीपूर्वी शेतातील श्रेणी १० मधून वजा करावी. मग सरासरी अनुक्रमे ९ व १ येईल. सर्वच वाणांची सरासरी ५ च्या आसपास गोळा झाल्यास हीच चूक प्रथम तपासावी. नोंदवहीत प्रत्येक रकान्यावर उत्तम आकडा कोणता, ते लिहावे.