बारावीची इंग्रजी कादंबरी : गोष्ट सुटू नये म्हणून

बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’चा भाग आहे. पूर्ण कादंबरी वाचायला घेतलेली मुलं बहुधा शब्दांपाशी अडतात. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडली, की परिच्छेदाच्या शेवटी त्याची सुरुवात आठवत नाही. म्हणून पहिल्या वाचनात डिक्शनरी मिटलेलीच ठेवा आणि शेजारी एक वही घ्या.

वहीची ही युक्ती नायक फिलिअस फॉगचीच आहे. कुठे कधी पोहोचायचं, प्रत्यक्षात कधी पोहोचलो आणि किती वेळ वाचला की गेला, हे तो वहीत मांडतो. तुम्हीही प्रत्येक प्रकरणानंतर एकच ओळ मराठीत लिहा : तारीख, ठिकाण, काय घडलं, दिवस वाचला की गेला. उदाहरणार्थ, २० ऑक्टोबर, मुंबई, जहाज लवकर आलं, दोन दिवस वाचले. २२ ऑक्टोबर, खोल्बी, पुढे रूळच नाहीत, हत्ती विकत घेतला. २५ ऑक्टोबर, कलकत्ता, वेळेवर. म्हणजे वाचलेले दोन्ही दिवस वाटेत गेले. ओळ लिहिता आली तर पुढे चला. नाही आली तर प्रकरणाची शेवटची दोन पानं पुन्हा वाचा. ओळ ज्या शब्दामुळे अडली, तेवढाच डिक्शनरीत पाहा.

गावांची नावं मोठ्याने वाचा. अकराव्या प्रकरणातली ‘Callyan’, ‘Kandallah’ आणि ‘Pounah’ डोळ्यांना परकी वाटतात, कानाला लगेच ओळखू येतात. फॉगची गाडी कल्याणला ज्या फाट्याला सोडून पुढे जाते, तो आपला कर्जतचाच मार्ग.

माणसांची यादी वहीच्या मागच्या पानावर करा. फॉगचा नोकर पासपार्तू कधी ‘सर्व्हंट’ असतो, कधी ‘फ्रेंचमन’. फिक्स हाच ‘डिटेक्टिव्ह’. हे जुळवलं नाही, तर नवंच पात्र आलं असं वाटतं.

आणखी एक अडचण काळाची. छत्तिसावं प्रकरण फॉग लंडनमधल्या आपल्या क्लबात शिरतो तिथे संपतं. सदतिसावं आधी मागे जाऊन तो तिथवर कसा पोहोचला ते सांगतं. वाक्यांत ‘had’ एकामागून एक दिसू लागला, की गोष्ट मागे गेली असं समजा आणि त्या ओळीपुढे वहीत उलटा बाण काढा. इथेच कळतं, की पूर्वेकडे जात पृथ्वीला फेरी मारल्याने फॉगचा एक दिवस वाढला होता. त्याच्या हिशेबात तो पाच मिनिटं उशिरा लंडनला पोहोचला होता. वहीतली त्या उशिराची ओळ तुम्हाला खोडावी लागली, तर शेवट समजला.

पालकांनी शब्दार्थ विचारू नयेत. “आज फॉग कुठे पोहोचला? दिवस वाचला की गेला?” एवढंच मराठीत विचारावं. मुलाने वही न बघता सांगितलं, तर गोष्ट त्याच्या हातात आहे. परीक्षेचं इंग्रजी उत्तर दुसऱ्या वाचनात, याच ओळींवरून लिहायला घ्यावं.