विषयाच्या ओळीत काम लिही

भाच्या, बहरीनला सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून बसलास की तुझं निम्मं काम म्हणजे मॅनेजरकडून मंजुरी मिळवणं. तो माणूस टेबलावर सापडत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं, त्यामुळे सगळी धावपळ सकाळी उरकायची असते. मेल तो गाडीतून उतरता उतरता फोनवर चाळतो, आणि फोनवर विषयाची पहिली तीस-पस्तीस अक्षरंच धड दिसतात. तुझं म्हणणं तेवढ्या जागेत बसलं पाहिजे.

समज, फोर्कलिफ्टचा हायड्रॉलिक पंप गेला. पुण्याच्या सप्लायरने 185 दिनार 500 फिल्सचा भाव दिला, तो रविवारपर्यंतच. नवीन पोरं विषयात लिहितात `Regarding spare parts`. यातून मॅनेजरला काय कळणार? कोणते पार्ट, त्याने काय करायचं, कधीपर्यंत, काहीच नाही. तो मनात म्हणतो, नंतर बघू, आणि मेल खाली सरकतो.

लिहायला बसण्याआधी स्वतःला विचार, मेल वाचून झाल्यावर साहेबांनी नेमकं काय करायचं आहे? मंजुरी द्यायची, सही करायची, की दोनातलं एक निवडायचं? ते क्रियापद सगळ्यात पुढे ठेव. इथे मंजुरी हवी, म्हणून `Approve`. `Kindly` आणि `Dear Sir` मेलच्या आत शोभतात, विषयात ते जागा खातात. मॅनेजर मल्याळी असेल नाहीतर बहरीनी, इंग्रजी दोघांचंही घरचं नाही. साधा शब्द दोघांनाही झटकन कळतो.

मग मुदत. भाव रविवारपर्यंत असला तरी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी पुण्याचं ऑफिस बंद, म्हणजे हातात गुरुवारच आहे. पुणं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथलं ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात. मंजुरीनंतर एलपीओ काढून पाठवायला तासभर तरी लागतो. म्हणून दुपारी दोन. `today` किंवा `tomorrow` लिहू नकोस, मेल दुसऱ्या दिवशी उघडला की तो शब्द खोटा पडतो. वार लिही. सगळं जुळवून ओळ अशी होते:

`Approve by Thu 2pm: forklift pump, BD 185.500`

फोनवर ही ओळ तुटली तरी `pump` पर्यंतचा भाग साधारण दिसतो. रक्कम कापली गेली तर चालेल, काम आणि वेळ कापली जाता कामा नये. पूर्ण तारीख आणि गुरुवारच का, हे मेलच्या पहिल्या वाक्यात सांग. बऱ्याच फोनवर विषयाखाली ते वाक्यही डोकावतं, म्हणून तिथे ख्यालीखुशाली विचारण्यात जागा घालवू नकोस. त्याला गेटवर उभ्याउभ्या `OK` एवढंच टाइप करून मोकळं होता आलं पाहिजे.

`URGENT` हा शब्द मी जवळजवळ वापरत नाही. रोज तोच शब्द दिसला की माणूस तो वाचणं सोडून देतो, आणि खरंच मशीन बंद पडतं त्या दिवशी तुझ्याकडे शब्द उरत नाही. दिलेली वेळ खरी असली की वेगळी घाई दाखवावी लागत नाही. खोटी मुदत तर कधीच देऊ नकोस. एकदा पकडला गेलास की पुढची खरी मुदतही तो मनावर घेणार नाही.

एका मेलमध्ये एकच मागणी. पंप आणि गेटपास एकत्र घातलेस तर उत्तर पंपाचं येईल आणि गेटपास राहून जाईल. आठवण करून द्यायची असेल तर त्याच मेलवर, विषय न बदलता दे, म्हणजे भाव आणि कागद खालीच सापडतात. जीमेलमध्ये विषय बदलला की नवी साखळी सुरू होते. पण पंपाच्या जुन्या साखळीवर टायरची गोष्ट काढायची असेल तर नवा मेलच लिही, नाहीतर महिन्याने टायर शोधताना कोणालाच सापडणार नाही.

विषय फसला हे ओळखणं सोपं आहे. `Which one?` किंवा `Call me` असं उत्तर आलं तर त्याला हवं होतं ते तुझ्या ओळीत नव्हतं. तो मेल पुन्हा वाच आणि काय राहिलं ते बघ.

आणि एक गोष्ट जपून कर. कामगाराचं आजारपण, पगार, व्हिसा रद्द होणं, यातलं काहीही त्याच्या नावासकट किंवा सीपीआर नंबरासकट विषयात लिहू नकोस. साहेबांचा फोन टेबलावर उघडा पडलेला असतो, बंद पडद्यावरही ओळ उमटते आणि चार माणसं ती वाचतात. तिथे `Sign by Sun 10am: leave form, workshop` एवढं पुरे, नाव फॉर्मवर आहेच.